बठ्ठं सांगायची घाई

खान्देशात महिनाभर राहून आले म्हटल्यावर आमच्या चिपळूणच्या शाळेतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला, "तिकडे बघण्यासारखं काय असतं गो?" मी भूगोल शिकवते, तेव्हा तापीचं खोरं, काळी जमीन, सातपुडा असं उत्तर तोंडावर तयार होतं. पण खरं उत्तर वेगळं होतं. मी एक माणूस बघायला गेले होते. आता अख्खा महिना काय बघायचं त्या माणसात, असं कुणीही विचारील, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

एकोणीसशे एक्याण्णवची दिवाळी. माझी मावशी जळगावला असते. काका पाटबंधारे खात्यात, त्यामुळे ही दोघं कोकण सोडून कायमची तिकडची झालेली. काकांच्या एका स्नेह्यांचा मुलगा अरविंद धुळ्याच्या आयटीआयमध्ये लेथवरचं, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावरचं, काम शिकवत होता. वय बत्तीस. माझं एकोणतीस. माझा साखरपुडा होऊन मोडला होता, आणि त्याचंही एक प्रकरण मोडलं होतं. दोघांनीही घरी बजावून ठेवलं होतं की आता पोह्यांच्या एका बशीवर काही ठरवणार नाही. तेव्हा काकांनी मधला मार्ग काढला. सुलभाने, म्हणजे मी, दिवाळीची सुट्टी आणि शिल्लक रजा जोडून महिनाभर जळगावला यावं, अरविंदने सुट्टीच्या दिवशी यावं, फिरावं, बोलावं, आणि शेवटी दोघांनी काय ते सांगावं.

जळगाव

कोकणातल्या माणसाला जळगावात आधी काय खटकत असेल तर ते आभाळ. किती मोठं ते! आमच्याकडे आभाळ माडांच्या शेंड्यांमधून तुकड्या-तुकड्याने दिसतं. इथे सकाळी गच्चीवर गेलं की सगळीकडे तेच. हवा इतकी कोरडी की दोन दिवसांत माझे ओठ फुटले आणि मावशीने साय लावायला दिली. साय ओठावर ठेवून कुणाशी गंभीर बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

अरविंद येणार त्या सकाळी मावशीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "जुनं काही उकरू नकोस हो. झालं गेलं गंगेला मिळालं."

काका बाहेरून ओरडले, "उकरू नको, पण लपवूही नको. त्याला ते बाहेरून कळणारच आहे. त्यापेक्षा हिच्या तोंडून कळू दे."

मावशीने जरा विचार केला आणि म्हणाली, "बरं. मग पहिल्या दिवशी फक्त दार दाखव. माजघर नको."

अरविंद आला. उंच, किडकिडीत, बोलण्यात कंजूष. मान जराशी वाकवून बसायची सवय, लेथवर वाकून वाकून लागलेली असावी. चहा झाल्यावर काका आणि मावशी 'आम्ही जरा बाजारात' म्हणून गेले, आणि आम्ही दोघं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. शेवटी मीच म्हणाले, "काकांनी तुम्हाला सांगितलंच असेल. माझा साखरपुडा झाला होता. दोन वर्षांपूर्वी मुलाकडच्यांनी मोडला. आता कुणाशी काही संबंध नाही."

"माझं चार वर्षं होतं," तो म्हणाला. "घरच्यांना माहीत होतं. संपलं. आता काही नाही."

झालं. चार-चार वाक्यं. मला वाटलं होतं छातीवर धोंडा येईल, पण उलट भूकच लागली. आम्ही मावशीच्या डब्यातल्या चकल्या संपवल्या आणि मग सगळ्या जगाबद्दल बोललो. त्याच्याकडे पोरं लेथवर हात घालतात तेव्हा त्याचा जीव कसा टांगणीला लागतो, माझ्याकडे पोरी नकाशात तापी उलटी वाहवतात, असलं सगळं. मावशी परत आली तेव्हा डबा रिकामा बघून तिने मला डोळा मारला.

फैजपूर

पुढच्या रविवारी आम्ही दोघं काकांच्या ओळखीच्या एका बागाईतदाराकडे फैजपूरला गेलो. एसटीत शेजारच्या बाईने भुसावळ येईपर्यंत माझं गाव, शाळा, पगार आणि 'हा तुझा कोण' एवढं विचारून घेतलं. आमच्याकडे हे विचारायला लोक दोन वर्षं घेतात आणि उत्तर आधीच माहीत असतं. "हे काकांच्या ओळखीचे," मी म्हणाले. "बरं बरं," बाई म्हणाली आणि अरविंदकडे बघून इतकी हसली की तो खिडकीबाहेर बघायला लागला.

केळीच्या बागेत शिरलं की बाहेरचा उजेड हिरवा होतो. पायाखाली ओल, वर पानांचं छप्पर, आणि त्या कोरड्या मुलखात अचानक माझं कोकणच भेटल्यासारखं झालं. मी तसं बोलूनही दाखवलं. अरविंद म्हणाला, "मग इथे करमेल तुम्हाला." बोलून झाल्यावर त्यालाच ते वाक्य जरा पुढचं वाटलं आणि तो एका घडाची केळी मोजायला लागला.

परतताना त्याने विचारलं, "मोडला तेव्हा फार त्रास झाला?"

"झाला. लोकांना काय सांगायचं याचाच जास्त."

"हं. मला पण."

जेवढं त्याने दिलं तेवढं मी दिलं होतं, आणि हिशेब न करता ते बरोबर जमलं होतं. असं सुरळीत चाललं होतं. आता माझा घोटाळा सांगते.

धुळे

अरविंदची आत्या, अक्का, धुळ्याजवळच्या खेड्यात राहायची. सगळं घर तिच्या शब्दावर चाले. वांग्यांचा हंगाम सुरू झाला होता म्हणून तिने मला, मावशीला आणि काकांना भरीत खायला शेतात बोलावलं. चिपळुणात वांग्याचं भरीत म्हणजे ताटातली डावी बाजू. इथे तो सोहळा आहे. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून टोपलीभर हिरवी वांगी त्यात टाकतात. मग ती सोलून बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर दणादण कुटतात. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, कांद्याची पात, आणि बसायला बांधावर गोणपाट. घरचे आठ-दहा लोक जमले होते.

अक्का सत्तरीची, नऊवारी, आवाज शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. "कोठेन उनी वं माय?" तिने विचारलं. अरविंदने भाषांतर केलं, मी 'चिपळूण' म्हटलं. मग तिने मला आपल्या शेजारी बसवून घेतलं. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मिरची हो, दुसरं काही नाही! पण खान्देशात मिरची घालतात ती आमच्या हिशेबाने नाही, त्यांच्या हिशेबाने. मी नाक पुसत होते, शेजारी बडगी दणाणत होती, आणि अक्का माझ्या पाठीवर हात ठेवून काहीतरी लांबलचक विचारत होती. त्यातले शेवटचे दोनच शब्द माझ्या कानात शिरले.

"...बठ्ठं सांग."

मला ऐकू आलं 'बट्टं सांग'. बट्टा! माझ्या नावाला लागलेला बट्टा! म्हणजे म्हातारीला सगळं ठाऊक होतं आणि ती चारचौघांत, भाकरीचा तुकडा हातात असताना, तोच विचारत होती. माझं डोकं भणाणलं. दोन वर्षं चिपळुणात लोकांच्या नजरा सोसल्या, आता इथेही? बरं, विचारताय ना, मग ऐकाच!

आणि मी सांगितलं. त्याचं नाव, त्याचं गाव, त्याची आई. पत्रिका छापून आल्या होत्या, मी शालू घेतला होता. लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्या लोकांनी एका तिऱ्हाइताकरवी निरोप धाडला, तो स्वतः आला नाही. सहा महिन्यांत त्याने दुसरीशी लग्न केलं, आणि ती माझ्यापेक्षा गोरी आहे, हेही सांगितलं. तो कसा भित्रा, त्याची आई कशी कैदाशीण, सगळं. बडगी कधी थांबली ते मला कळलंच नाही. मी थांबले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते आणि मावशीचा चेहरा तांदळाच्या भाकरीसारखा पांढरा पडला होता.

अक्काने गालावर हात ठेवला. "मी तं खावानं इचारं, वं माय! तुले काय काय आवडस, ते बठ्ठं सांग, म्हनं."

काकांनी खाली मान घालून सांगितलं, "बठ्ठं म्हणजे सगळं, सुलू. काय काय खायला आवडतं ते सगळं सांग, म्हणत होत्या त्या."

जमिनीत जावं म्हटलं तर जमीनही काळी, भेगाळलेली, जागा होती पुष्कळ. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग मलाही हसू आलं, मिरचीचं, रडण्याचं आणि लाजेचं पाणी एकत्रच गळायला लागलं. अक्काने माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाली, "आते रडू नको. जेव." तिच्या दृष्टीने विषय मिटला.

अरविंदच्या दृष्टीने मात्र मिटला नव्हता. तो जो गप्प झाला तो झालाच. आम्हाला एसटीत बसवून देताना फक्त 'बरं, या' म्हणाला. खिडकीतून मी बघत राहिले. सूर्य पांझरा नदीकडे उतरत होता आणि माझ्या मनात एकच, की मी स्वतःच्या हाताने हे घालवलं. एरंडोल आलं. मग मावशी म्हणाली, "दार दाखव म्हटलं होतं मी. तू माजघर, देवघर, न्हाणीघर, सगळं दाखवून आलीस." मला हसू आलं नाही, कारण तो माणूस मला आवडायला लागला होता. हे मला त्याच एसटीत कळलं.

त्या आठवड्यात मी स्वतःलाच प्रश्न विचारला, की शेतात मी नक्की काय करत होते? सांगत होते का? नाही. फिर्याद देत होते. ऐकणाऱ्यांनी माझ्या बाजूने निकाल द्यावा म्हणून. दोन वर्षं झाली तरी त्या माणसाचं नाव घेताना माझा आवाज चढत होता. म्हणजे जखमेवर अजून खपलीच होती, आणि ती मी जेवणाच्या पंगतीत काढली होती.

लळिंग

रविवारी अरविंद येईल की नाही याची खात्री नव्हती. तो आला, आणि म्हणाला, "लळिंगचा किल्ला बघायचा का? काका-मावशी पण चला." किल्ला धुळ्याच्या जवळच, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला. काका पायथ्याशी दम लागला म्हणून बसले. मावशीला मुळीच दम लागला नव्हता, पण तीही बसली.

वर वारा मोकाट होता. खाली रस्त्यावरचे ट्रक मुंग्यांएवढे. अरविंद एका बुरुजाच्या सावलीत टेकला आणि कितीतरी वेळ हाताने दगड चाचपत राहिला.

"रागावलात?" मी विचारलं.

"नाही हो." मग दगडाकडेच बघत, "घाबरलो."

"माझ्या रडण्याला?"

"नाही. तुम्ही एवढं सगळं सांगितलं, आता मलाही तेवढंच सांगावं लागणार, असं वाटलं. आणि मला ते अजून जमत नाही. तुम्ही मोकळ्या झालात आणि मी देणेकरी झालो."

हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला वाटलं होतं, माझी शोभा झाली. समोरच्याच्या डोक्यावर आपण भार ठेवतो, हे डोक्यात आलंच नव्हतं.

"तुम्ही मला काहीच द्यायचं नाही," मी म्हणाले. "माझं चुकून सांडलं. तुमचं तुम्ही भरून द्यायची गरज नाही."

तो पहिल्यांदा हसला. "लेथवर पोरं काय करतात माहीत आहे? एका दमात जाड काप घेतात. हत्यार मोडतं, आणि वस्तूही वाया जाते. मी सांगतो, पातळ काप घ्या. बघा. मोजा. मग पुढचा."

"मग आज पातळ काप घ्या."

"ऐकायला तयार आहात?"

हे त्याने विचारलं ते मला फार आवडलं. मला शेतात कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं. मी हो म्हटलं.

त्याने सांगितलं. कॉलेजातली ओळख, चार वर्षं. लग्न करायचं ठरलं होतं. मग तिने नाही म्हटलं. "का म्हटलं ते मी सांगत नाही. त्यातलं थोडं तिचं आहे, माझं नाही. माझं एवढंच, की ती बोलत होती तेव्हा मी गप्प बसलो. मी घाबरलो की गप्प बसतो. तिला वाटलं मला फरक पडत नाही. तेव्हा मी गप्प झालो तर रागावलो समजू नका. घाबरलोय समजा. विचारा."

माझ्या जिभेच्या टोकावर तीन प्रश्न होते. पहिला, ती दिसायला कशी होती. दुसरा, माझ्यापेक्षा गोरी होती का. हे दोन्ही मी गिळले, मिरचीपेक्षा जड गेले. तिसरा विचारायचा माझा हक्क होता, तो विचारला. "आता तिच्याशी बोलणं आहे?"

"नाही. तिचं लग्न झालं, गुजरातेत असते. बरं चाललंय म्हणतात. चालू दे."

त्याने तिच्याबद्दल एकही वाकडा शब्द काढला नाही. हा माणूस उद्या माझ्याबद्दल कुठे बोलला तर असाच बोलेल, हे मला त्या वाऱ्यात लख्ख दिसलं. मग मी माझं पुन्हा सांगितलं, या वेळी नाव न घेता, शालू न काढता. "मला नाही म्हटल्याचं फारसं दुःख नाही. तिऱ्हाइताकडून कळवलं, ते लागलं. म्हणून माझं एकच मागणं आहे. तुमचं नाही असलं तर तुम्ही स्वतः येऊन तोंडावर सांगा. काकांकडून निरोप नको."

"येईन," तो म्हणाला. "हो असलं तरी मीच येईन."

खाली उतरलो तेव्हा मावशीने आमच्या तोंडाकडे बघून काकांना कोपर मारलं. चाळीसगाव रस्त्यावरच्या एका हॉटेलात आम्ही शेवभाजी खाल्ली. तर्रीचा थर बघून मी आधीच रुमाल काढला. "आज काय सांगणार?" अरविंदने विचारलं. "आज फक्त पाणी मागणार," मी म्हणाले.

त्यानंतरच्या भेटींत जुना विषय दोनदा निघाला असेल, तोही चिमूटभर. एकदा धरणगावच्या बाजारात एका दुकानात शालू टांगलेला बघून मी पटकन पुढे गेले. त्याने काही विचारलं नाही, फक्त माझ्या बाजूने चालायला लागला. बाकीचा वेळ आम्ही भांडलो, कोकणातली सोलकढी श्रेष्ठ की खान्देशातलं ताक, यावर.

पुन्हा जळगाव

माझी गाडी दुपारची होती. अरविंद उत्तर घेऊन सकाळी घरी येणार होता. सकाळ गेली. काका म्हणाले, "एसटी बंद पडली असेल." मावशी म्हणाली, "मी धुळ्याला फोन लावून बघू?" मी म्हटलं, "नको. निरोप नको आहे मला." आणि बॅग भरायला घेतली. एकाच साडीची घडी तीनदा घातली, खोटं कशाला सांगू. लग्नाआधीचा तोच जुना आठवडा पुन्हा आला होता. पण एक गोष्ट निराळी होती. त्या वेळी मला ठाऊक नव्हतं की मी कशाची वाट बघतेय. या वेळी ठाऊक होतं, आणि मी ते त्याला सांगितलेलं होतं.

स्टेशनवर गाडी लागायच्या बेतात होती, तेव्हा जिन्यावरून तो धावत येताना दिसला. हातात केळीच्या पानात बांधलेलं गाठोडं, आणि मागे नऊवारीचा कासोटा सावरत, हमालांना बाजूला सारत, अक्का! तिला म्हणे मला भरीत पोचवायचंच होतं, म्हणून पहाटे वांगी भाजायला घेतली, म्हणून एसटी चुकली.

अरविंद समोर येऊन उभा राहिला आणि गप्प झाला. मान वाकलेली, कान लाल.

"घाबरलात?" मी विचारलं.

"हो."

"मीही."

त्याने दम घेतला. "सगळं सांगून झालेलं नाही माझं. अजून वेळ लागेल. पण माझं उत्तर हो आहे. ते सांगायला मी आलो."

मी डोळे पुसले आणि या वेळी मिरचीचं निमित्तही नव्हतं. तेवढ्यात अक्काने त्याला कोपराने बाजूला सारलं, माझी हनुवटी धरली आणि अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय ठरनं वं पोरी? बठ्ठं सांग माले!"

या वेळी मला नीट ऐकू आलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. माझं होतं, त्याचं होतं, आणि त्यातलं बरंचसं अजून आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

अक्का वाट बघत राहिली. "बस? इतलंच?"

आयुष्यातलं पहिलं अहिराणी वाक्य मी तेव्हा बोलले. "इतलंच बठ्ठं शे, अक्का."